सक्रिय सभासद ४१२ की ५३८? दोन अहवालांचा मेळ घालून विश्वस्त मंडळापुढे एकच व्याख्या कशी मांडावी

कोकणातली बरीच सार्वजनिक वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ सालचं. संस्था जुनी असली की सभासदांच्या नोंदी एका जागी राहत नाहीत. आजीव सभासदांची वही वेगळी, वर्गणीची पावतीपुस्तकं वेगळी, पुस्तकांच्या देवघेवीची नोंद आता संगणकावर, आणि वाचनकक्षातली सहीची वही दारापाशी टेबलावर. मग मार्चअखेरच्या सभेत कारकुनाचा अहवाल सक्रिय सभासद ५३८ सांगतो, ग्रंथपालांचा ४१२, आणि विश्वस्त विचारतात, यातला खरा कोणता?

या लेखात किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावातल्या एका मध्यम वाचनालयाचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण फरक पडण्याची कारणं बहुतेक वाचनालयांत हीच निघतात. व्याख्या ठरवणं त्यातला सोपा भाग आहे. ती का ठरली हे मंडळाला पटेल अशा रीतीने दाखवायला जास्त तयारी लागते, आणि ती तयारी सभेच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी लागते.

आधी दोन्ही अहवालांचा प्रश्न लिहून काढा

आकड्यांना हात लावण्यापूर्वी दोन्ही अहवाल तयार करणाऱ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाकडून पाच गोष्टी कागदावर घ्या. नोंद कुठून घेतली, कोणत्या तारखेपर्यंतची, एक म्हणजे काय मोजलं (माणूस, कुटुंब की कार्ड), कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं.

आपल्या उदाहरणात कारकुनाने पावतीपुस्तक आणि आजीव सभासदांची वही घेतली. ३१ मार्चला ज्यांची वर्गणी थकलेली नाही ते सगळे सक्रिय. आजीव सभासदाची वर्गणी कधीच थकत नाही, म्हणून ते सगळे आपोआप आत. ग्रंथपालांनी देवघेवीची संगणकीय नोंद घेतली. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात ज्या सभासद क्रमांकावर एक तरी पुस्तक गेलं तो क्रमांक सक्रिय. पहिल्या अहवालाने विचारलं, पैसे कोणाचे आले? दुसऱ्याने विचारलं, पुस्तकं कोणी नेली? दोघांनीही आपापल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं, फक्त दोन्ही उत्तरांच्या वर शीर्षक एकच होतं. हे सुरुवातीलाच लिहून झालं की ग्रंथपाल आणि कारकून एकमेकांच्या चुका शोधण्याऐवजी एका बाजूला बसून काम करू लागतात, आणि पुढची सगळी कामं त्यावर अवलंबून असतात.

तारखा वेगळ्या असतील तर इथेच एक करा. एक अहवाल ३१ मार्चचा आणि दुसरा १० एप्रिलचा असेल, तर एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत वर्गणी भरणारे लोक उगाच फरकात दिसत राहतात. हे लोक थोडे नसतात, कारण नव्या वर्षाची वर्गणी त्याच दिवसांत येते.

१२६ नावं शोधू नका

५३८ मधून ४१२ वजा केले की १२६ उरतात. इथे बहुतेकांची पहिली चूक होते: हे जास्तीचे १२६ कोण, म्हणून शोध सुरू होतो. तशी १२६ नावं कुठेच नसतात. पहिल्या यादीत असलेले काही दुसरीत नसतात, तसे दुसरीतले काही पहिलीत नसतात, आणि वजाबाकी या दोन्ही गटांना एकमेकांत झाकून टाकते.

म्हणून दोन्ही याद्या सभासद क्रमांकावर एकमेकींशी ताडा. स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात वर्गणी यादीतले क्रमांक, B स्तंभात देवघेव यादीतले क्रमांक ठेवा आणि C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

उत्तर 0 आलं तर तो क्रमांक फक्त वर्गणी यादीत आहे. मग D2 मध्ये `=COUNTIF(A:A,B2)` लिहून उलट दिशेनेही तेच करा. एक काळजी घ्या: एका यादीत क्रमांक मराठी अंकांत टंकलेले असतील आणि दुसरीत इंग्रजी अंकांत, तर सूत्राला ३१७ आणि 317 हे वेगळे वाटतात. जुन्या वहीतून उतरवलेल्या क्रमांकांपुढे 'आ-' किंवा 'बा-' असं अक्षर असेल तरी तेच होतं. निम्म्याहून जास्त क्रमांकांपुढे 0 आला तर आधी अंक तपासा, माणसं नंतर.

उदाहरणात ताडणी अशी निघाली:

| गट | क्रमांक |
|---|---|
| दोन्ही याद्यांत | ३४७ |
| फक्त वर्गणी यादीत | १९१ |
| फक्त देवघेव यादीत | ६५ |

३४७ आणि १९१ मिळून ५३८, ३४७ आणि ६५ मिळून ४१२. म्हणजे वाद १२६ नावांचा नसून २५६ क्रमांकांचा होता. मंडळाला दाखवायच्या कागदावर ही तीन ओळींची चौकट आलीच पाहिजे, कारण "फरक एवढा कसा?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

प्रत्येक क्रमांकाला कारण लावा

आता २५६ क्रमांकांपुढे एक स्तंभ करून प्रत्येकाचं कारण लिहा. दोन माणसं, वह्या समोर, दोन-तीन दुपारी. 'इतर' हा कप्पा ठेवू नका. एकदा तो ठेवला की कंटाळा आल्यावर सगळं त्यात जातं, आणि सभेत नेमकं त्याबद्दलच विचारलं जातं.

फक्त वर्गणी यादीतले १९१ असे सुटले. ८४ आजीव सभासद, ज्यांनी वर्षभरात ना पुस्तक नेलं ना वाचनकक्षात सही केली. यातले १९ दिवंगत निघाले. कळवायला कोणी आलं नाही म्हणून नावं वहीत तशीच होती. ४६ जण वर्गणी नियमित भरतात, पुस्तक घरी नेत नाहीत, पण वाचनकक्षात बसून वाचतात. २८ कुटुंबांची पावती घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर आणि पुस्तकं मुलाच्या कार्डावर. उरलेले ३३ वर्गणी भरतात आणि काहीच वापरत नाहीत. यात मुंबईला स्थायिक झालेले बरेच असतात. गणपतीत गावी आले की वर्षाची वर्गणी भरून जातात, गावच्या संस्थेला हातभार म्हणून.

फक्त देवघेव यादीतल्या ६५ मध्ये त्याच २८ कुटुंबांतली मुलं होती. १५ क्रमांक दुबार होते: संगणक आला तेव्हा नवा क्रमांक मिळाला, जुनाही बंद झाला नाही, आणि एकाच माणसाने वर्षभरात दोन्हींवर पुस्तकं नेली. २२ जणांची वर्गणी थकलेली होती, पण समोरचा माणूस ओळखीचा म्हणून पुस्तकं मिळत राहिली.

कुटुंबाची जोडी जुळवताना फसगत कशी होते ते एका नोंदीवर दिसतं. पावती सभासद क्रमांक ३१७ ची, हर्णैला बोटीवर जाणाऱ्या एका माणसाच्या नावावर. देवघेवीत ३१७ वर वर्षभरात काहीच नाही, म्हणून वरवर पाहता तो निष्क्रिय. पण बालविभागाच्या बा-४२ या कार्डावर वर्षभरात एकोणीस पुस्तकं आहेत, आणि बा-४२ ची वेगळी पावती कुठेच नाही, म्हणून ते कार्ड थकबाकीदार वाटतं. अर्जाचा कागद काढून पालकाचं नाव पाहिलं की दोन्ही नोंदी एका घराच्या निघतात. ही जुळवणी सूत्राने होत नाही. आडनाव आणि वाडीचं नाव यांवर विसंबूनही करू नका, कारण एकाच वाडीत एकाच आडनावाची दहा घरं असतात. मूळ अर्ज किंवा फोन नंबर हाच आधार धरा.

आकडा कशासाठी हवा आहे?

कारणं लागल्याशिवाय व्याख्येवर चर्चा सुरू करू नका, आणि ती सुरू करताना पहिला प्रश्न हा ठेवा: या आकड्यावर मंडळ कोणता निर्णय घेणार आहे? उदाहरणातल्या मंडळाला पुस्तक खरेदीची रक्कम, वाचनकक्षाची वेळ आणि बालविभागाची जागा ठरवायची होती. हे तिन्ही निर्णय वापराचे आहेत, म्हणून व्याख्याही वापरावर बसली पाहिजे. निर्णय वर्गणी वाढवण्याचा असता तर कारकुनाचा अहवालच जास्त कामाचा होता.

याच वेळी मतदानाचा विषय बाजूला काढून ठेवा, लेखी. सभेत मत कोणाला हे संस्थेची घटना आणि कायदा ठरवतो, व्यवस्थापनाची ही व्याख्या नाही. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर त्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मतदानाचा हक्क राहत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजलंही जात नाही. वाचनालयाची विश्वस्त संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असते आणि वाचनालय म्हणून मान्यता १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली. त्यामुळे सरकारी अहवालात जिथे नोंदणीकृत सभासद विचारले असतील, तिथे नोंदवहीचाच आकडा द्यायचा. सक्रिय सभासदांचा आकडा तिथे टाकला तर नसलेली गळती कागदावर दिसते.

व्याख्या एका वाक्यात, कडा वेगळ्या

शेवटी ठरलेलं वाक्य असं होतं: "३१ मार्च रोजी नोंदवहीत नाव असलेली, वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेली नसलेली, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान एक पुस्तक घरी नेलेली किंवा वाचनकक्षात किमान सहा वेगवेगळ्या दिवशी सही केलेली व्यक्ती म्हणजे सक्रिय सभासद."

यातला प्रत्येक शब्द कोणत्या तरी गटामुळे आला आहे, आणि मंडळाला तो तसाच सांगावा. 'व्यक्ती' हा शब्द दुबार १५ क्रमांकांमुळे आणि २८ कुटुंबांमुळे: कुटुंबाच्या पावतीवर मूल वाचत असेल तर मूल मोजायचं, न वाचणारा पालक नाही. तीन महिन्यांची सूट २२ थकबाकीदारांसाठी. त्यातले ९ जण या मुदतीच्या आत होते, १३ बाहेर. कलम १५ चीच मुदत घेतल्यामुळे संस्थेत दोन वेगळ्या मुदती वावरत नाहीत. सहा दिवसांची अट वाचनकक्षासाठी आहे, कारण पुस्तक नेणं ही पक्की नोंद आहे, पण एखाद दिवशी पेपर चाळायला आलेला माणूसही वहीत सही करतो. ४६ पैकी ३८ जणांच्या सह्या सहा किंवा जास्त दिवसांच्या होत्या. सहाच का, याला शास्त्र नाही. सह्यांची वाटणी पाहिली तर एक-दोनदा येणारे आणि दर आठवड्याला येणारे असे दोन गट पडत होते, आणि सहाची रेघ त्यांच्या मधून जात होती. मंडळाला हे असंच सांगावं.

सगळ्यात जास्त चर्चा बारा महिन्यांवर होते. कोणी तरी म्हणतंच, "वर्षातून एकदा पुस्तक नेणारा कसला सक्रिय? तीन महिने धरा." शहरात कदाचित चालेल, पण कोकणच्या किनाऱ्यावर तीन महिन्यांची खिडकी लोकांना त्यांच्या हंगामावरून बाद करते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असताना मच्छीमार घरांतून पुस्तकं जातात, आणि बोटी सुटल्या की थांबतात. चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीत वाचतात. दहावी-बारावीची मुलं परीक्षेमुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरकत नाहीत. ३१ मार्चला मागचे तीन महिने पाहिले की हे तिन्ही गट एकदम गायब होतात, आणि तोच नियम ३१ ऑगस्टला लावला तर त्यातले बरेच परत येतात. तारखेप्रमाणे माणसं हलतात अशी व्याख्या खरेदी ठरवायला निरुपयोगी आहे. हे तोंडी सांगू नका. महिनावार देवघेवीचा एक साधा स्तंभालेख कागदावर द्या, म्हणजे जून-जुलैचा उंचवटा स्वतःच बोलतो.

दोन्ही बाजूंनी एकाच आकड्यावर

मंडळापुढच्या कागदाचा गाभा हा आहे. नवा आकडा ४२२ आला. तो दोन्ही जुन्या अहवालांपासून चालत गाठून दाखवा.

वर्गणी अहवालाकडून: ५३८, वजा वापर नसलेले ८४ आजीव, वजा वापर नसलेले ३३ वर्गणीदार, वजा सहा दिवस न भरलेले ८, अधिक तीन महिन्यांच्या आतले ९ थकबाकीदार. उत्तर ४२२. कुटुंबांच्या २८ जोड्यांत पालकाच्या जागी मूल आलं, म्हणून बेरीज हलत नाही.

देवघेव अहवालाकडून: ४१२, वजा दुबार १५, वजा तीन महिन्यांहून जास्त थकलेले १३, अधिक वाचनकक्षातले ३८. उत्तर ४२२.

दोन वाटा एका आकड्यावर आल्या नाहीत तर कागद मंडळाकडे नेऊच नका. एकाचा फरक असला तरी थांबा. तो बहुधा असा माणूस असतो जो दोन कारणांत बसतो, उदाहरणार्थ दुबार क्रमांकही आहे आणि थकबाकीही. तो दोनदा वजा झालेला असतो. एका क्रमांकाला एकच कारण, आणि कारणांचा क्रम आधी ठरलेला (दुबार, मग कुटुंब, मग थकबाकी, मग वापर), हा नियम पाळला की ही अडचण येत नाही.

सभेचा कागद आणि सभा

कागद एकाच पानाचा करा आणि घटनेत सांगितलेल्या मुदतीच्या नोटिशीसोबतच पाठवा. सभेत हातात दिलेला आकड्यांचा कागद कोणी वाचत नाही. पानाच्या डोक्यावर मंडळाकडून काय हवं आहे ते एका ओळीत. त्याखाली दोन्ही अहवालांनी विचारलेले प्रश्न, मग तीन ओळींची चौकट, दोन वाटा, व्याख्येचं वाक्य, आणि शेवटी 'या व्याख्येने काय बदलत नाही' असं शीर्षक देऊन मतदान, आजीव सभासदत्व आणि सरकारी अहवाल. नावांची यादी जोडू नका. कोणाची वर्गणी थकली आहे हे पानभर फिरवायची गरज नसते. तपासायची असेल तर ती कार्यालयात पाहता येईल एवढं लिहा.

मांडणी कारकून आणि ग्रंथपाल यांनी मिळून करावी, प्रत्येकाने आपल्या अहवालापासूनची वाट स्वतः सांगावी. एकट्या ग्रंथपालांनी सांगितलं तर मंडळाला वाटतं की देवघेवीचा अहवाल जिंकला.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "म्हणजे गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला चुकीचा आकडा दिलात?" याचं उत्तर सरळ द्यावं: आकडा वर्गणीचा होता आणि वर्गणी म्हणून बरोबर होता, त्याला सक्रिय म्हटलं हे चुकलं, यापुढे तो 'वर्गणी भरलेले सभासद' या नावानेच येईल. दुसरा प्रश्न जास्त नाजूक असतो, आणि तो बहुतेक वेळा स्वतः आजीव सभासद असलेले ज्येष्ठ विश्वस्तच विचारतात: "अहो, मी चाळीस वर्षं सभासद आहे, मी सक्रिय नाही?" इथे घाईने पुढे जाऊ नका. "अण्णा, तुमचं सभासदत्व आणि मत दोन्ही तसंच आहे. हा आकडा पुस्तकं किती घ्यायची यासाठी आहे," असं शांतपणे सांगा, आणि कागदावरची 'काय बदलत नाही' ही ओळ दाखवा. त्यासाठीच ती लिहिलेली असते. सभेआधी अशा दोन-तीन ज्येष्ठांना घरी जाऊन कागद समजावून आलात तर सभेत तेच इतरांना समजावतात.

ठराव मोघम नको. व्याख्येचं पूर्ण वाक्य, लागू होण्याची तारीख, मोजणार कोण आणि तपासणार कोण, सूचक आणि अनुमोदक यांची नावं, हे सगळं इतिवृत्तात शब्दशः आलं पाहिजे. "सक्रिय सभासदांची व्याख्या मान्य करण्यात आली" एवढंच लिहिलं तर दोन वर्षांनी कोणती व्याख्या हे कोणालाच सांगता येत नाही. दिवंगत १९ सभासदांची नावं कमी करण्याचा ठराव वेगळा घ्या, कारण तो नोंदवहीत बदल करतो आणि हा करत नाही. दुबार क्रमांक बंद करायला ठराव लागत नाही, पण कोणता बंद केला याची यादी ग्रंथपालांच्या सहीने फाइलला लावा.

मागची वर्षं आणि पुढची

विश्वस्त लगेच विचारतील की गेल्या वर्षी याच व्याख्येने किती होते. वाचनकक्षाची सहीची वही शाबूत असेल तेवढ्याच वर्षांचं मोजा. पावसाळ्यात भिजून वही गेलेली असेल तर त्या वर्षाचा आकडा अंदाजाने भरू नका. आलेखात ती जागा मोकळी ठेवा आणि खाली कारण लिहा. जुने ५३८ सारखे आकडे नव्या ४२२ सोबत एका रेषेत जोडू नका, नाहीतर एका वर्षात शंभरावर वाचक सोडून गेले असं दिसतं.

पुढच्या वर्षीची मोजणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करा, ३१ मार्चच्या नोंदीवर. तोवर पावतीपुस्तकं बंद होऊन हिशेब जुळलेले असतात. वर्षभर दोनच गोष्टी सांभाळा: बालविभागाच्या प्रत्येक कार्डावर पालकाचा सभासद क्रमांक, आणि वाचनकक्षाच्या वहीत सहीपुढे सभासद क्रमांक. नुसत्या सहीवरून माणूस ओळखायचा तर पुन्हा तीन दुपारी जातात. सहा दिवस किंवा तीन महिने या अटी बदलाव्या असं वाटलं, तर त्या वर्षी दोन्ही नियमांनी मोजून दोन्ही आकडे मंडळापुढे ठेवा, आणि नवा नियम पुढच्या १ एप्रिलपासून लावा.